वक्त्याच्या आधीची दोन मिनिटे

चर्चासत्राच्या उद्घाटनात बीजभाषणाआधी वक्त्याचा परिचय करून दिला जातो. त्याचे काम तसे मर्यादित आहे. समोर बसलेल्यांना विषयाबद्दल कुतूहल वाटावे, या विषयावर याच व्यक्तीचे का ऐकायचे ते कळावे आणि वक्ता उभा राहील तेव्हा सभागृह ऐकण्याच्या तयारीत असावे, एवढेच त्याने साधायचे असते. प्रत्यक्षात बरेचसे परिचय दोन टोकांना जातात. काहींमध्ये वक्त्याने पाठवलेला बायोडाटा जन्मगावापासून शेवटच्या पुरस्कारापर्यंत वाचला जातो. उरलेल्यांमध्ये परिचय करून देणाऱ्याने मनापासून तयारी केलेली असते, आणि वक्ता जे सांगणार होता त्यातले निम्मे तोच सांगून टाकतो. पहिल्या प्रकारात श्रोते कंटाळतात, पण वक्त्याचे काही बिघडत नाही. दुसऱ्यात श्रोत्यांना मजा येते आणि नुकसान वक्त्याचे होते. त्यामुळे हा दुसरा दोष अधिक घातक आहे, आणि गंमत म्हणजे तो आळशी माणसाच्या हातून सहसा घडत नाही.

असे का होते, हे तयारीच्या पद्धतीकडे पाहिले की कळते. परिचय लिहायला बसलेला माणूस वक्त्याची पुस्तके चाळतो, मुलाखती वाचतो, जुन्या भाषणांच्या चित्रफिती बघतो. त्यातले सगळ्यांत चटकदार ते तो टिपून ठेवतो. वक्त्यालाही ते चटकदार वाटलेले असतेच, म्हणून तर ते पुस्तकात, मुलाखतीत आणि मागच्या भाषणात आलेले असते. आजच्या भाषणातही ते येण्याची शक्यता दाट असते. म्हणजे जे सहज सापडते आणि आवडते, तेच बहुधा वक्त्याच्या मालकीचे असते.

एक खरा वक्ता आणि एक कल्पित प्रसंग घेतला तर हे नीट दिसेल. एका महाविद्यालयाच्या मराठी विभागाने विज्ञानसाहित्यावर दोन दिवसांचे चर्चासत्र ठेवले आहे आणि बीजभाषणाला डॉ. जयंत नारळीकर येणार आहेत, असे समजू. मे २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा हा प्रसंग त्यांच्या हयातीतला मानायचा. भाषणाचा विषय आहे ‘विज्ञानकथा कशासाठी?’ आणि परिचय करून द्यायची जबाबदारी विभागातल्या एका प्राध्यापिकेवर आली आहे.

बाईंच्या हाती पहिल्याच दिवशी एक झकास किस्सा लागतो. नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला पाठवली ती स्वतःच्या नावाने नव्हे. ‘नारायण विनायक जगताप’ असे टोपणनाव त्यांनी घेतले. आद्याक्षरे स्वतःचीच होती, फक्त उलट्या क्रमाने. हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून कथेची प्रत पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. त्या कथेला पहिले बक्षीस मिळाले. जागतिक कीर्तीचा शास्त्रज्ञ, नवख्या लेखकाचा वेष आणि परीक्षकांचा निर्मळ कौल, एवढे सगळे एका किस्स्यात असताना तो परिचयात घ्यावासा न वाटला तरच नवल.

पण विषय विज्ञानकथेचा आहे आणि ही वक्त्याच्या विज्ञानकथालेखनाच्या आरंभाची गोष्ट आहे. ती त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलेली होती. या विषयावर बोलताना ते इथूनच सुरुवात करतील, हा अंदाज कोणालाही बांधता येईल. बाईंनी ती आधीच सांगितली, तर वक्त्यापुढे तीनच वाटा उरतात. गोष्ट पुन्हा सांगायची, तर हशा पिकत नाही आणि टाळ्या पडल्याच तर त्या सौजन्यापोटी पडतात. गाळायची, तर भाषणाचा पहिला दुवा निखळतो आणि पुढचा मुद्दा अधांतरी राहतो. नाहीतर ‘आत्ताच मॅडमनी सांगितले त्याप्रमाणे’ असे म्हणून पुढे सरकायचे. हे वाक्य वक्त्याच्या तोंडून पहिल्या पाच मिनिटांत दोनदा आले, की परिचयाने हद्द ओलांडली होती असे समजावे. मंचावर परिचय चालू असताना वक्ता टिपणातल्या ओळी खोडू लागला, तर ती खूण आणखी स्पष्ट असते.

किस्सा अर्धा सांगून सोडणे हा उपाय अनेकांना सुचतो. ‘१९७४ साली एका कथास्पर्धेत एक गंमत झाली होती, पण ती सरांच्याच तोंडून ऐकू या.’ वरवर पाहता यात उत्सुकताही वाढते आणि किस्साही वक्त्याकडेच राहतो. खरे म्हणजे हे पूर्ण सांगण्यापेक्षाही वाईट. वक्त्याचा तो किस्सा सांगायचा बेत नसेल, तर आता तो सांगावाच लागतो. आणि बेत असेल, तर त्यातला अनपेक्षितपणा गेलेला असतो. ऐकणारा आता गमतीची वाट पाहत बसलेला असतो, आणि वाट पाहून ऐकलेली गंमत नेहमी थोडी कमीच भरते. ‘सर तुम्हाला खळखळून हसवणार आहेत’ किंवा ‘आज तुमची विचार करण्याची दिशाच बदलणार आहे’ ही आश्वासनेही याच जातीची आहेत. शब्द दिला परिचय करून देणाऱ्याने, आणि तो पाळायचा वक्त्याने.

किस्स्यापेक्षा कमी लक्षात येणारी उचल निष्कर्षाची असते. चर्चासत्राच्या स्मरणिकेत बीजभाषणाचा सारांश छापलेला असतो. त्यातली शेवटची दोन वाक्ये परिचयात येतात आणि तासाभराच्या मांडणीचे उत्तर आधीच जाहीर होते. शिवाय विषयाचा जाणकार असलेला माणूस परिचयात स्वतःचे मत मांडण्याचा मोह आवरू शकत नाही. प्राध्यापिका बाईंनी विज्ञानकथेवर प्रबंध लिहिला असेल, तर ‘विज्ञानकथा आधी कथा असली पाहिजे, विज्ञान नंतर’ असे वाक्य त्यांच्या हातून सहज लिहिले जाईल. वक्त्याचे मत नेमके उलटे असू शकते, आणि मग पाहुण्याला पहिल्याच मिनिटाला यजमानांचे खंडन करावे लागते. ते मत वक्त्याचेच असले, तर त्याचे भाषण बाईंच्या विधानावरचे भाष्य होऊन बसते.

हे सगळे टाळले तर हातात काय उरते, असा प्रश्न पडेल. उरते ते बरेच, आणि त्याची विभागणी सोपी आहे. काही गोष्टी फक्त वक्ताच सांगू शकतो. त्याचे अनुभव, त्याचे तर्क, तो ज्या उत्तरापर्यंत पोचला ते उत्तर, या गोष्टी त्याच्याकडेच राहाव्यात. काही गोष्टी मात्र खऱ्या आणि महत्त्वाच्या असूनही वक्त्याला स्वतःच्या तोंडाने सांगणे जड जाते. आपले काम किती मोठे आहे, आपल्या शब्दाला वजन का द्यावे, लोक आपल्याला कशासाठी मानतात, हे कोणी भला माणूस स्वतः सांगणार नाही. ते परिचयाने सांगावे. तिसरी एक जागा अशी आहे जिथे वक्त्याला काहीच ठाऊक नसते, ती म्हणजे समोरचा श्रोतृवर्ग. या लोकांना या विषयात काय अडते आहे आणि आज ते कोणता प्रश्न घेऊन आले आहेत, हे यजमानालाच माहीत असते. उत्सुकता निर्माण होते ती मुख्यतः इथून. डेल कार्नेगी यांनी अमेरिकेतल्या आपल्या भाषणकलेच्या वर्गांत परिचयाचा जो क्रम शिकवला, तो यासाठीच पहिला विषय, मग त्या विषयाचे या श्रोत्यांसाठी महत्त्व आणि शेवटी वक्ता असा आहे. आपल्याकडचा रूढ क्रम जन्म, शिक्षण, पदे, पुरस्कार असा जातो आणि विषय आलाच तर शेवटच्या वाक्यात येतो. त्यात माहिती पुष्कळ असली, तरी पुढे काय ऐकायचे याची ओढ लागत नाही.

सीमारेषा नेमकी कुठे आहे, हे मात्र घरबसल्या ठरत नाही. त्यासाठी वक्त्याला फोन करावा लागतो. चर्चासत्राच्या आधी आठवडाभर केलेला दहा मिनिटांचा फोन पुरतो, आणि त्यात बायोडाटा मागण्यापेक्षा वेगळे प्रश्न विचारायचे असतात. ‘सर, सुरुवात कशाने करणार आहात?’ हा पहिला. ‘परिचयात मी कोणता किस्सा टाळू?’ हा दुसरा, आणि तो अशा सरळ शब्दांत विचारला की वक्ते मोकळेपणाने सांगतात. पूर्वी कधी ना कधी त्यांची पंचाईत झालेली असते. ‘तुमच्याविषयी नेहमी चुकीचे छापले जाते असे काही आहे का?’ हाही प्रश्न उपयोगी, कारण सोडलेली पदे आणि चुकीची साले बायोडाट्यांतून वर्षानुवर्षे फिरत राहतात. नावाचा उच्चार आणि संस्थेचे पूर्ण नाव याच फोनवर पक्के करावे. मग मसुदा तयार झाला की तो वक्त्याकडे दोन दिवस आधी पाठवावा. ‘सरप्राइज’ म्हणून तो लपवून ठेवण्यात काही हशील नाही, कारण चकित व्हायचे असते ते श्रोत्यांनी.

बाईंचा मसुदा या सगळ्यानंतर साधारण असा होईल:

‘नमस्कार. मराठीत विज्ञानकथा आवडीने वाचली जाते. पण ती साहित्य आहे की गोष्टीच्या रूपातला विज्ञानाचा धडा, हा वाद मराठी विभागांत आणि विज्ञान विभागांत अजून मिटलेला नाही. या दोन दिवसांत वाचले जाणारे अनेक निबंध या वादाभोवती फिरणार आहेत, आणि त्यांत एकमत अजिबात नाही. हा वाद दोन्ही बाजूंनी, आतून, पाहिलेले पाहुणे आज आपल्यात आहेत. गुरुत्वाकर्षण आणि विश्वाची रचना हा त्यांचा अभ्यासाचा विषय. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉएल यांच्यासह त्यांनी मांडलेला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत दोघांच्या नावाने ओळखला जातो. पुण्यातल्या आयुका या संस्थेचे ते संस्थापक संचालक. आणि ‘चार नगरांतले माझे विश्व’ या त्यांच्या मराठी आत्मचरित्राला २०१४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. सही मागायला आलेल्या शाळकरी मुलांना ते सही देत नाहीत. एक प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवा, उत्तर सहीनिशी येईल, असे सांगतात. आपण आज पोस्टकार्ड पाठवलेले नाही, पण प्रश्न पाठवला आहे. विज्ञानकथा कशासाठी? उत्तर द्यायला येत आहेत डॉ. जयंत विष्णू नारळीकर.’

हा मसुदा सावकाश वाचला तर दीड मिनिटाच्या आसपास होतो. सभागृहात स्पष्ट बोलताना मिनिटाला शंभर-सव्वाशे मराठी शब्द होतात, त्यामुळे दोन मिनिटांची मर्यादा म्हणजे कागदावर जेमतेम अडीचशे शब्द. घड्याळ लावून मोठ्याने वाचल्याशिवाय याचा अंदाज येत नाही. मनातल्या मनात वाचताना प्रत्येकाला आपला परिचय छोटाच वाटतो.

मसुद्यात काय घेतले नाही, हेही पाहण्यासारखे आहे. कथास्पर्धेचा किस्सा नाही, आणि त्याच्याकडे इशाराही नाही. फ्रेड हॉएल यांचे नाव संशोधनाच्या संदर्भात आले आहे. हॉएल स्वतः विज्ञानकादंबऱ्या लिहीत आणि त्यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ ही कादंबरी १९५७ साली आली, ही माहिती मात्र मुद्दाम गाळली आहे. गुरूही शास्त्रज्ञ आणि कथाकार होता, हे या भाषणात वक्त्याच्या हातचे चांगले पान आहे. ते टाकायचे की नाही आणि कधी टाकायचे, हे त्याने ठरवावे. ‘वामन परत न आला’ किंवा ‘यक्षांची देणगी’ या पुस्तकांची नावे घेता आली असती. मराठी विभागातल्या श्रोत्यांना ती ठाऊक असतात, शिवाय एका कथेचे नाव घेतले की तिचे कथानक सांगावेसे वाटते. विद्यार्थ्यांचा मेळावा असता तर एखादे शीर्षक घेणे रास्त ठरले असते.

पोस्टकार्डाची गोष्ट चालते आणि कथास्पर्धेची चालत नाही, हा फरक या विद्येतला खरा बारकावा आहे. दोन्ही किस्सेच. पण पोस्टकार्डाचा विज्ञानकथेशी संबंध नाही, त्यामुळे ती भाषणाच्या वाटेत येत नाही. तिच्यातून स्वभाव दिसतो, आणि तो चांगुलपणाचा असल्यामुळे वक्ता स्वतः ती गोष्ट फुशारकी म्हणून सांगणार नाही. शिवाय ती श्रोत्यांना प्रश्न विचारणाऱ्याच्या जागी आणून बसवते. तीच गोष्ट ‘मुलांपर्यंत विज्ञान कसे पोचवावे’ या विषयाच्या भाषणाआधी मात्र निषिद्ध ठरेल, कारण तिथे ती वक्त्याची आरंभाची गोष्ट असण्याचा संभव आहे. आणि त्या दिवशी कथास्पर्धेचा किस्सा, वक्त्याची हरकत नसेल तर, परिचयात घेता येईल. किस्सा निवडायचा तो भाषणाचा विषय पाहून. चांगला किस्सा आणि वाईट किस्सा अशी कायमची यादी करता येत नाही.

मसुद्यात पद्मभूषण आणि पद्मविभूषण नाहीत, यावर संयोजकांची हरकत येईलच. पाहुण्यांचा मान राहिला नाही असे एखाद्या विश्वस्ताला वाटू शकते. तडजोड म्हणून एक वाक्य वाढवावे, पण पुरस्कारांची यादी स्मरणिकेत आणि निमंत्रणपत्रिकेत छापलेली असतेच. (पद्म पुरस्कार नावाच्या आधी किंवा नंतर उपाधीसारखे लावायचे नसतात, हा नियम मंचावर सर्रास मोडला जातो.) पुरस्कारांत निवड करायची, तर भाषणाच्या विषयाला टेकू देणारा घ्यावा. इथे साहित्य अकादमीचा पुरस्कार घेतला, कारण शास्त्रज्ञाने साहित्यावर का बोलावे, या श्रोत्यांच्या मनातल्या शंकेला तो उत्तर देतो. खगोलशास्त्राच्या परिषदेत त्याचा उल्लेख शेवटी आला तरी चालेल.

नाव शेवटी घेण्याची पद्धत मराठी मंचावर थोडी खोटी वाटते. मागे फलकावर नाव आहे, सूत्रसंचालकाने ते चारदा उच्चारले आहे आणि पाहुणे समोर बसलेले आहेत, रहस्य कसले? रहस्याचा तिथे प्रश्नच नाही. शेवटचा शब्द नाव असले की टाळ्या कधी वाजवायच्या आणि वक्त्याने कधी उठायचे, हे सगळ्यांना न सांगता कळते. नावानंतर ‘त्यांना मी विनंती करते की त्यांनी कृपया आपले विचार मांडावेत’ असे शेपूट जोडले, की टाळ्या अर्ध्यात येतात आणि वाक्य त्यात बुडते.

चांगला लिहिलेला परिचय मंचावर फसतो तो बहुधा कार्यक्रमपत्रिकेमुळे. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, परिचय, सत्कार, अध्यक्षांची ओळख, स्मरणिकेचे प्रकाशन आणि मग बीजभाषण, असा क्रम असेल तर परिचयाने जमवलेली उत्सुकता शाल, श्रीफळ आणि छायाचित्रांच्या गर्दीत विरून जाते. वीस मिनिटांनी वक्ता उभा राहतो तेव्हा त्याला कोरड्या सभागृहापासून सुरुवात करावी लागते. परिचय लिहिणाऱ्याने संयोजकांकडे एकच हट्ट धरावा: सत्कार आधी उरकावेत आणि परिचयानंतर थेट भाषण व्हावे. प्रास्ताविक करणाऱ्याशीही आधी बोलून घ्यावे. समन्वयकाने प्रास्ताविकात विज्ञानकथेचा इतिहास शंभर वर्षे मागे नेऊन सांगितला असेल, तर बाईंची पहिली चार वाक्ये शिळी होतात, आणि वक्त्याच्या सामग्रीवर डल्ला पडायचा तो प्रास्ताविकातच पडून गेलेला असतो. शहाणपणाची वाटणी अशी की चर्चासत्र का घेतले ते प्रास्ताविकात यावे आणि या भाषणाकडून कोणता प्रश्न सुटावा ते परिचयात.

हे सूत्र सगळीकडे सारखे लागू पडत नाही. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात सुरू झालेल्या वसंत व्याख्यानमालेसारख्या ठिकाणी श्रोते वक्ता ठरवूनच आलेले असतात. तिथे विषयाची निकड पटवून देण्याची गरज नसते, चार वाक्ये पुरतात. ‘सूर्याची ओळख काजव्याने काय करून द्यावी’ असे म्हणून पुढे दहा मिनिटे ओळख करून देणारा काजवा मात्र तिथेही हटकून भेटतो. उलट वक्ता परभाषक किंवा परप्रांतातला असेल आणि श्रोत्यांना त्याचे नावही नवे असेल, तर अडीच मिनिटे घेणे योग्य आहे, कारण त्याच्या शब्दाला वजन का द्यावे हे सांगायला दुसरे कोणी नाही. काही वक्ते स्वतःच लिहिलेला परिचय पाठवतात आणि तोच वाचावा असे कळवतात. तो वाचावा. त्यात भाषणातला एखादा किस्सा दिसला, तर फोन करून विचारावे. बऱ्याचदा तो मजकूर जुन्या भाषणासाठी लिहिलेला असतो आणि वक्त्याच्याही लक्षात राहिलेला नसतो.

उद्घाटनाला उशीर होणे हे गृहीत धरून एक छोटी आवृत्ती खिशात ठेवावी. पाहुण्यांची गाडी अडकली, प्राचार्य लांबले, आणि सूत्रसंचालकाने चिठ्ठी पाठवली की परिचय आवरता घ्या, तर घाईने वाचत सुटण्यापेक्षा कापलेला मजकूर बरा. बाईंच्या मसुद्यात कापायचे ते मधले: सिद्धांत आणि संस्था. वाद, साहित्य अकादमी, पोस्टकार्ड, प्रश्न आणि नाव एवढे ठेवले तर मिनिटभरात काम होते. आणखी कमी वेळ असेल तर पोस्टकार्डही जाते. वाद आणि प्रश्न मात्र ठेवायचे, कारण वक्त्याचे पहिले वाक्य त्यांनाच जोडून येणार आहे.